शिक्षा, संशोधन आणि हरकत : हिंदी-मराठीतील फसवे शब्द

हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, दोघींच्या लेखी शब्दसंग्रहाचा मोठा भाग संस्कृतातून आलेला आहे आणि त्यामुळे मराठी वाचकाला हिंदी मजकूर वाचताना सहसा कोशाची गरज भासत नाही. पण अक्षरे तीच, उच्चार जवळपास तोच आणि अर्थ मात्र वेगळा, अशा शब्दांची संख्या या दोन भाषांमध्ये बरीच आहे. भाषांतराच्या अभ्यासात अशा जोड्यांना ‘फसवे मित्र’ म्हटले जाते. ही संज्ञा फ्रेंचमधून आली असून, फ्रेंच आणि इंग्रजीतील अशा शब्दांवर १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या केसलर आणि देरोकिन्यी यांच्या पुस्तकामुळे ती रूढ झाली. हिंदी-मराठीच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणारे शब्द बाजारातले किंवा घरातले नसून शाळा, न्यायालय आणि सरकारी कार्यालय यांच्या औपचारिक भाषेतले आहेत, कारण तेथे चूक झाली तरी वाक्य व्याकरणाने बरोबर राहते, अनेकदा त्याला कसाबसा अर्थही लागतो आणि म्हणून ती चूक छापून येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

घरगुती शब्दांतील घोटाळा मात्र लगेच उघड होतो. मराठीतील ‘खाली’ म्हणजे तळाच्या बाजूला आणि हिंदीतील ‘ख़ाली’ म्हणजे रिकामे. हिंदी शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला आहे, मराठी शब्द ‘खालचा’, ‘खालून’ यांच्या कुळातला आहे, आणि दोघांचे रूप एक झाले हा निव्वळ योगायोग आहे. अरबी शब्दही मराठीत आला नाही असे नाही. ‘जागा खाली करणे’ या प्रयोगात आणि तबल्याच्या तालातील ‘खाली’ या संज्ञेत तोच आहे. ‘टीका’ या शब्दाची गोष्ट जरा वेगळी आहे. संस्कृतात टीका म्हणजे एखाद्या ग्रंथावरचे स्पष्टीकरण. हा अर्थ दोन्ही भाषांत शिल्लक आहे आणि ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे असे म्हटल्यावर मराठी वाचक गोंधळत नाही. पण रोजच्या मराठीत टीका म्हणजे दोष दाखवणे, तर रोजच्या हिंदीत टीका म्हणजे लस. हिंदीतला हा दुसरा शब्द कपाळावरच्या टिळ्याशी नाते सांगणारा असून त्याचा ग्रंथावरील टीकेशी काही संबंध नाही. म्हणून हिंदीतील ‘टीकाकरण’ हे मराठीत ‘लसीकरण’ होते आणि मराठीतील ‘टीका’ हिंदीत ‘आलोचना’ होते. अशा शब्दांना भाषाशास्त्रात समरूप शब्द म्हणतात, म्हणजे ज्यांची व्युत्पत्ती वेगळी पण रूप एक आहे असे शब्द. ते मौजेचे असले तरी थोडे आहेत, आणि वाक्याच्या संदर्भावरून कोणालाही ओळखता येतात.

खरी अडचण एकाच मूळ शब्दाने दोन भाषांत दोन दिशा धरल्या की सुरू होते. याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘शिक्षा’ हे आहे. केंद्र सरकारने २०२० साली जाहीर केलेल्या धोरणाचे हिंदी नाव ‘राष्ट्रीय शिक्षा नीति’ असे आहे आणि मराठीत तेच धोरण ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण’ म्हणून ओळखले जाते. हिंदी नावातील तीनही शब्द मराठीत आहेत, मराठी माणूस ते रोज वापरतो, आणि तरीही त्यांपैकी फक्त ‘राष्ट्रीय’ हा एकच शब्द जसाच्या तसा घेता येतो. मराठीत शिक्षा म्हणजे अपराधाबद्दल भोगावा लागणारा त्रास, आणि नीती म्हणजे प्रामुख्याने चांगल्या-वाईट वर्तनाचा विवेक. ‘नीतिमत्ता’, ‘अनीती’, ‘नीतिकथा’ हे सगळे शब्द त्याच अर्थाभोवती फिरतात, आणि सरकारने ठरवलेल्या दिशेला मराठीत ‘धोरण’ हा स्वतंत्र शब्द आहे. संस्कृतातील ‘नीति’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला असून त्यात राज्य चालवण्याची रीत आणि माणसाने वागण्याची रीत हे दोन्ही अर्थ होते. हिंदीने प्रशासनात पहिला पुढे केला आणि मराठीने दुसरा. मराठीत पहिला अर्थ ‘राजनीती’, ‘कूटनीती’, ‘युद्धनीती’ अशा समासांत तेवढा राहिला आहे.

‘शिक्षा’ हा शब्द संस्कृतातील ‘शिक्ष्’ या धातूपासून आला आहे आणि त्याचा अर्थ शिकणे असा आहे. परंपरेने हा धातू ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे याच्या इच्छादर्शक रूपाशी जोडला जातो, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा धरणे, ती शिक्षा. वेदाच्या सहा अंगांपैकी पहिले अंग ‘शिक्षा’ हेच असून त्यात उच्चाराचे शास्त्र सांगितलेले असते, आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाचे नाव शीक्षावल्ली असे आहे. म्हणजे हिंदीने ठेवलेला अर्थ मुळाच्या जवळचा आहे. पण त्यावरून मराठीने हा शब्द बिघडवला असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शिकवणे आणि वठणीवर आणणे या दोन कल्पना भारतीय भाषांत नेहमीच शेजारी राहत आल्या आहेत. संस्कृतातील ‘शास्’ या धातूचा अर्थ उपदेश करणे, राज्य करणे आणि शिक्षा करणे असा एकाच वेळी आहे. त्यापासून ‘शिष्य’ हा शब्द झाला, ‘शास्त्र’ झाला, आणि मराठीत अपराध्याला ‘शासन’ होते तेही त्याच धातूपासून. ‘धडा शिकवणे’ आणि ‘सबक़ सिखाना’ हे वाक्प्रचार तर दोन्ही भाषांत अगदी एकाच अर्थाने चालतात. मराठीने ‘शिक्षा’ या शब्दात हा दुसरा अर्थ घट्ट केला आणि शिकण्या-शिकवण्यासाठी त्याच धातूपासून झालेला ‘शिक्षण’ हा शब्द राखून ठेवला, अशी ही विभागणी आहे.

शिवाय मराठी यात एकटी नाही. गुजराती, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या भाषांतही शिक्षा म्हणजे अपराधाबद्दलची शिक्षाच. भारतीय दंड संहितेला तेलुगूत ‘भारत शिक्षास्मृति’ आणि मल्याळममध्ये ‘इंडियन शिक्षानियमम्’ असे म्हटले जात असे, आणि कन्नडमध्ये एज्युकेशनला मराठीप्रमाणेच ‘शिक्षण’ हा शब्द आहे. उलट हिंदी, नेपाळी आणि बंगालीत शिक्षा म्हणजे विद्या. म्हणजे या एका शब्दाच्या अर्थावरून भारताचा नकाशा पाहिला तर साधारणपणे पश्चिम आणि दक्षिण एकीकडे व उत्तर आणि पूर्व दुसरीकडे, अशी रेषा पडते आणि मराठी या रेषेच्या दक्षिणेला येते. मराठीवर कन्नड-तेलुगूच्या शेजाराचा परिणाम असल्याचे भाषाशास्त्रज्ञ ध्वनी आणि वाक्यरचना यांच्या आधारे सांगत आले आहेत. संस्कृत शब्दांच्या अर्थातही हा शेजार दिसतो, याकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही.

एका शब्दाचा अर्थ सरकला की त्याच्या शेजारचे शब्दही जागेवर राहत नाहीत, आणि हिंदी-मराठीतील फसव्या शब्दांबाबत लक्षात ठेवण्यासारखी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत अपराधाकडे गेल्यावर त्या क्षेत्रात आधीपासून असलेल्या ‘दंड’ या शब्दाचे काय झाले, हे पाहिले तर ते स्पष्ट होते. संस्कृतात दंड म्हणजे काठी, आणि त्यावरून राजाच्या हातातील शिक्षा करण्याची सत्ता. हिंदीत आजही दंड हा शब्द सर्व प्रकारच्या शिक्षेला लागू पडतो; फाशी हाही दंड, तुरुंगवास हाही दंड, आणि पैसे भरायला लावले तर तो ‘जुर्माना’ किंवा ‘अर्थदंड’. मराठीत ही व्यापक जागा ‘शिक्षा’ या शब्दाने घेतल्यामुळे ‘दंड’ आकसून फक्त पैशापुरता उरला. वाहतुकीचा नियम मोडला, ग्रंथालयाचे पुस्तक उशिरा परत केले, पाणीपट्टी वेळेवर भरली नाही, तर दंड होतो. तुरुंगात जाण्याला मात्र सामान्य मराठी माणूस दंड म्हणत नाही.

मराठी वृत्तपत्रांतील निकालाच्या बातमीत नेहमी येणारे एक वाक्य घेऊन हे पाहता येते : ‘न्यायालयाने आरोपीला सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा व एक हजार रुपये दंड ठोठावला.’ या वाक्यातील दोन्ही महत्त्वाचे शब्द हिंदीत जसेच्या तसे नेले तर हिंदी वाचकाला सहा महिन्यांचे काही प्रशिक्षण डोळ्यांसमोर येईल. हिंदीत हे वाक्य ‘छह महीने के सश्रम कारावास और एक हज़ार रुपये जुर्माने की सज़ा’ असे होते. मराठीत शिक्षा आणि दंड या दोन वेगळ्या गोष्टी ‘व’ने जोडल्या आहेत, तर हिंदीत सज़ा ही एकच व्यापक गोष्ट आहे आणि कारावास व जुर्माना हे तिचे दोन भाग आहेत. उलट दिशेने धोका अधिक सूक्ष्म आहे. ‘इस अपराध के लिए दंड का प्रावधान है’ हे हिंदी वाक्य मराठीत ‘या अपराधासाठी दंडाची तरतूद आहे’ असे केले, तर वाक्य उत्तम मराठी वाटते, कोणालाही खटकत नाही, आणि तरीही ते चुकीचे असते, कारण मराठी वाचकाला वाटते की पैसे भरून सुटका होईल, आणि मूळ कायद्यात कदाचित सात वर्षांचा तुरुंगवास सांगितलेला असतो. कायद्याच्या अधिकृत मराठीत या गोंधळाची जाणीव दिसते. तेथे पैशाच्या दंडाला नुसते ‘दंड’ न म्हणता ‘द्रव्यदंड’ असा नेमका शब्द वापरलेला आढळतो.

जुना व्यापक अर्थ मराठीतून पूर्णपणे गेलेला मात्र नाही. ‘मृत्युदंड’, ‘न्यायदंडाधिकारी’ आणि पोलिसांच्या बातम्यांत वर्षानुवर्षे छापले गेलेले ‘भादंवि’, म्हणजे भारतीय दंड विधान, या शब्दांत तो टिकून आहे. असे पुढेही वारंवार दिसेल : शब्द एकटा असताना अर्थ बदलतो, पण समासात अडकलेला असताना जुनाच अर्थ धरून राहतो. त्यामुळे ‘मराठीत दंड म्हणजे फाइन’ एवढे पाठ करून चालत नाही, आणि मृत्युदंड शब्दावरून मराठीत दंड म्हणजे कोणतीही शिक्षा असे समजूनही चालत नाही.

शाळेतील आणखी एक शब्द याच प्रकारचा आहे, आणि रोजच्या बोलण्यात तो ‘शिक्षा’पेक्षाही जास्त येतो. मराठी मूल संध्याकाळी अभ्यास करते, हिंदी मूल पढ़ाई करते, आणि हिंदीत अभ्यास करतो तो गवई किंवा क्रिकेटपटू, कारण हिंदीत अभ्यास म्हणजे सराव. संस्कृतात ‘अभि’ या उपसर्गासह ‘अस्’ म्हणजे टाकणे या धातूपासून अभ्यास हा शब्द झाला असून पुन्हा पुन्हा करणे हा त्याचा गाभा आहे. पाणिनीच्या व्याकरणात तर तो तांत्रिक संज्ञा म्हणून येतो : ‘ददाति’ या रूपात ‘दा’ धातूचे द्वित्व होते, आणि त्या दुहेरी भागातील पहिल्या ‘द’ला अभ्यास म्हणतात. पतंजलीच्या योगसूत्रांत अभ्यास आणि वैराग्य यांची जोडी आहे, आणि तेथेही अर्थ सातत्याने केलेला प्रयत्न असाच आहे. ज्या परंपरेत ग्रंथ मुखोद्गत करणे हेच शिकणे होते, तेथे पुन्हा पुन्हा म्हणणे आणि अध्ययन करणे यांच्यात फारसे अंतर नव्हते, आणि मराठीतील अर्थाची वाट तिथूनच निघते. पुढे मराठीने या शब्दाभोवती अभ्यासक्रम, अभ्यास मंडळ, अभ्यासक, अभ्यासू, अभ्यासिका असे कुटुंबच उभे केले आणि पुन्हा पुन्हा करण्यासाठी ‘सराव’ हा वेगळा शब्द वापरला.

याचा परिणाम पाठ्यपुस्तकात दिसतो. हिंदी पाठ्यपुस्तकात धड्याच्या शेवटी सोडवण्यासाठी दिलेल्या प्रश्नांना ‘अभ्यास’ असे शीर्षक असते, आणि बालभारतीच्या मराठी पाठ्यपुस्तकांत त्याच जागी ‘स्वाध्याय’ असते. पण हिंदीत स्वाध्याय म्हणजे स्वतःहून केलेले वाचन, विशेषतः धर्मग्रंथांचे. इथेही एका शब्दाच्या मागे दुसरा सरकला आहे. आणि इथेही समासात जुना अर्थ राहिला आहे, कारण ‘योगाभ्यास’ म्हणताना मराठी माणसालाही योगावरची पुस्तके वाचणे अभिप्रेत नसते. मराठी वृत्तपत्रांत सैन्याच्या कवायतींना अलीकडे ‘युद्धाभ्यास’ म्हटले जाते, तो मात्र हिंदीचा सरळ उतारा आहे. मराठीत तो युद्धसराव आहे, आणि तो शब्द वापरला तर युद्धशास्त्राच्या अध्ययनाचा भास होत नाही.

आतापर्यंतच्या उदाहरणांत दोन-दोन शब्द सरकलेले दिसले. संशोधनाच्या क्षेत्रात मात्र लांबलचक साखळीच तयार झाली आहे. पुण्यात १९१० साली वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. हिंदीत या दुसऱ्या संस्थेचा उल्लेख ‘भंडारकर प्राच्य शोध संस्थान’ असा केला जातो. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, म्हणजेच मजकुरात किंवा कायद्यात केलेला बदल. ‘संविधान संशोधन’ हा प्रयोग हिंदी वृत्तपत्रांत नेहमी दिसतो. मराठीत तीच गोष्ट ‘घटनादुरुस्ती’ आणि कायद्याच्या अधिकृत पाठात ‘सुधारणा’. संस्कृतात ‘शुध्’ म्हणजे शुद्ध होणे आणि ‘संशोधन’ म्हणजे शुद्ध करणे, त्यामुळे दोन्ही भाषांनी मुळाशी इमान राखले आहे. मजकुरातील दोष काढणे हेही शुद्ध करणे आहे, आणि पुराव्यांची छाननी करून सत्य वेगळे काढणे हेही शुद्ध करणे आहे.

आता साखळी पाहावी. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे रिसर्च, हिंदीत त्यासाठी ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’ आहे. मराठीत ‘शोध’ म्हणजे हरवलेली वस्तू धुंडाळणे किंवा नवी गोष्ट सापडणे, हिंदीत त्यासाठी ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ आहे. मराठीत ‘आविष्कार’ म्हणजे प्रकट होणे, कलेचा आविष्कार किंवा भावनेचा आविष्कार, हिंदीत त्यासाठी ‘अभिव्यक्ति’ आहे. म्हणून ‘एडिसनने विजेच्या दिव्याचा शोध लावला’ हे मराठी वाक्य हिंदीत ‘एडिसन ने बल्ब का आविष्कार किया’ असे होते, आणि हिंदीतील ‘एडिसन ने बल्ब पर शोध किया’ हे मराठीत ‘एडिसनने दिव्यावर संशोधन केले’ असे होते. यातला एक शब्द चुकला की पुढचे सगळे एका घराने चुकतात. त्यात ‘संस्थान’ हा शब्द भर घालतो. हिंदीत तो इन्स्टिट्यूट या अर्थाने चालतो, ‘भारतीय प्रौद्योगिकी संस्थान’ या नावात आहे तसा. मराठीत मात्र संस्थान म्हणजे एक तर सांगली, औंध, कोल्हापूर यांसारखे राजाच्या अमलाखालील राज्य, नाही तर देवस्थानाचा कारभार पाहणारी व्यवस्था. शिक्षण देणारी किंवा संशोधन करणारी असते ती ‘संस्था’. हिंदीत राजाच्या राज्याला ‘रियासत’ म्हणतात. ‘शोध संस्थान’ या दोन शब्दांपैकी एकही मराठीत तसाच ठेवता येत नाही, हे यावरून लक्षात येईल.

घटनादुरुस्ती या शब्दातील ‘घटना’ हाही सोपा नाही. मराठीत घटना म्हणजे घडलेली गोष्ट आणि राज्याची रचना ठरवणारा मूलभूत कायदा, असे दोन्ही अर्थ चालतात; ‘राज्यघटना’ या शब्दाचे ते छोटे रूप आहे. हिंदीत घटना म्हणजे केवळ प्रसंग, त्यामुळे ‘घटनेनुसार’ हा मराठी शब्द हिंदीत ‘घटना के अनुसार’ असा गेला तर कायद्याच्या आधाराऐवजी झाल्या प्रसंगाचा उल्लेख होऊन बसतो. अलीकडे मराठीत ‘संविधान’ हा शब्द लेखनात आणि भाषणात मोठ्या प्रमाणावर रुळल्यामुळे या एका ठिकाणी तरी दोन भाषा पुन्हा जवळ आल्या आहेत.

हे अंतर इतके पद्धतशीर का पडले, याचे एक कारण परिभाषा घडवण्याच्या इतिहासात आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५१ मध्ये हिंदीने आपला शब्दसंग्रह मुख्यतः संस्कृतातून आणि गौणतः इतर भाषांतून समृद्ध करावा असे सांगितले आहे, आणि केंद्राने १९६१ साली वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग नेमला. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येताच १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि प्रशासनासाठी मराठी परिभाषेचे कोश तयार होऊ लागले. दोन्हीकडील विद्वान एकाच संस्कृत भांडाराकडे वळले, पण मराठी परिभाषाकारांपुढे मराठीत शतकभर रुळलेले अर्थ होते आणि हिंदी परिभाषाकारांपुढे हिंदीत रुळलेले. शब्द एकाच कोठारातले, पण प्रत्येकाने तो आपल्या गरजेच्या जागी बसवला. संस्कृत शब्दांमुळे भारतीय भाषा एकमेकींना सहज समजतील, अशी जी अपेक्षा होती, ती रूपाच्या बाबतीत बरीच खरी ठरली आणि अर्थाच्या बाबतीत अर्धीच.

सगळेच फसवे शब्द संस्कृतातले आहेत असे नाही, आणि कार्यालयीन मराठीतील ‘हरकत’ हा त्याचा चांगला दाखला आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. हिंदी-उर्दूत तो हालचाल या अर्थाने राहिला आणि पुढे नको ते वर्तन, आगळीक या अर्थाकडे कलला. ‘ऐसी हरकत मत करो’ म्हणजे असला चाळा करू नको. मराठीत तो अडथळा या अर्थाकडे गेला. जमिनीच्या जुन्या खरेदीखतांत ‘कोणाची हिस्साहरकत निघाल्यास’ तिचे निवारण विकणाऱ्याने करून द्यावे, अशी भाषा नेहमी आढळते, आणि तेथे हरकत म्हणजे दुसऱ्याने मालकीत घातलेला अडथळा. त्यातूनच आजचा आक्षेप हा अर्थ पक्का झाला, आणि ‘हरकत नाही’ हा तर मराठी माणसाच्या बोलण्यातील सर्वांत सौम्य होकार झाला. हिंदीत आक्षेपाला ‘आपत्ति’ म्हणतात. मराठीतील ‘आपत्ती’ मात्र पूर, भूकंप, दरड कोसळणे यांसारखे संकट आहे, ज्याला हिंदीत ‘आपदा’ म्हणतात. दोन भाषांतील ऱ्हस्व-दीर्घाचा फरक इथे डोळ्यांना दिसतो, कारण मराठी शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहिला जातो, पण कानाला तो फरक फारसा ऐकू येत नाही.

या दोन शब्दांची अदलाबदल सरकारी कागदावर अगदी समोरासमोर पाहता येते. मराठीत ज्याला ‘ना हरकत प्रमाणपत्र’ म्हणतात, त्याच कागदाला हिंदीत ‘अनापत्ति प्रमाण पत्र’ म्हणतात. मराठीतील ‘आपत्ती व्यवस्थापन’ हे हिंदीत ‘आपदा प्रबंधन’ होते. नगरपालिका एखाद्या रस्त्याच्या रुंदीकरणाची योजना जाहीर करताना ‘नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ अशी सूचना प्रसिद्ध करते, आणि हिंदी भाषक रहिवाशांसाठी त्याच मजकुराचे भाषांतर करायचे झाले तर ‘हरकतें’ आणि ‘सूचनाएँ’ यांपैकी एकही शब्द चालणार नाही. ‘हरकतें’ म्हणजे गैरवर्तन, हे वर आलेच आहे. आणि हिंदीत सूचना म्हणजे माहिती. २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम हिंदीत ‘सूचना का अधिकार अधिनियम’ आहे आणि मराठीतील ‘जन माहिती अधिकारी’ हिंदीत ‘जन सूचना अधिकारी’. मराठीत सूचना म्हणजे अमुक करावे असे सुचवणे किंवा अमुक करा असे सांगणे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभेत ठराव मांडणारा ‘सूचक’ आणि पाठिंबा देणारा ‘अनुमोदक’ असतो, तो याच अर्थाने; हिंदीत पहिल्याला ‘प्रस्तावक’ म्हणतात. म्हणून त्या जाहीर निवेदनाचे बरोबर हिंदी ‘आपत्तियाँ एवं सुझाव’ असे आहे.

भाषांतर करणाऱ्याने हे फसवे शब्द ओळखावेत कसे, याचे उत्तर वरील उदाहरणांतच दडलेले आहे. कोणत्याही संस्कृत शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत सारखा आहे असे वाटले, तर त्याच्या शेजारच्या शब्दाकडे पाहावे. मराठीत शिकण्यासाठी ‘शिक्षण’ हा स्वतंत्र शब्द आहे म्हटल्यावर ‘शिक्षा’ काहीतरी वेगळे सांगत असणार. हिंदीत ‘सुझाव’ हा शब्द असताना ‘सूचना’ सुचवण्याचे काम करीत नसणार. एका अर्थाला भाषा सहसा दोन बिनभाड्याचे शब्द फार काळ ठेवत नाही. दुसरी कसोटी शब्दाच्या साधितांची, म्हणजे त्याच शब्दापासून प्रत्यय लागून झालेल्या शब्दांची. हिंदीतील ‘अभ्यस्त’ म्हणजे सवयीचा, यावरून ‘अभ्यास’चा तिथला अर्थ सराव आहे हे कळते, मराठीतील ‘अभ्यासू’ म्हणजे पुस्तकांत रमणारा, यावरून इथला अर्थ अध्ययन आहे हे कळते. या दोन्ही कसोट्या समासांपुढे मात्र कमी पडतात. मराठीतही ‘शोधनिबंध’ आणि ‘शोधप्रबंध’ हे शब्द रिसर्चच्या अर्थाने पूर्णपणे रुळलेले आहेत, जरी एकट्या ‘शोध’ला तो अर्थ नसला तरी; आणि ‘शोधपत्रकारिता’ म्हणजे दडवलेली गोष्ट हुडकून काढणारी पत्रकारिता, जिला हिंदीत ‘खोजी पत्रकारिता’ म्हणतात. अशा ठिकाणी समास संपूर्ण शब्द म्हणूनच कोशात पाहावा लागतो.

काही शब्दांच्या बाबतीत तर सीमा आज वाचकाच्या डोळ्यांसमोर हलत आहे. ‘व्यस्त’ हा त्यांतला एक. ‘वि’ आणि ‘अस्’ यांपासून, म्हणजे ‘अभ्यास’ ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून, हा शब्द झाला असून त्याचा मूळ अर्थ विखुरलेला किंवा उलट टाकलेला असा आहे. मराठीत तो उलट या अर्थाने टिकला. एक राशी वाढली की दुसरी त्याच पटीत कमी होते, अशा संबंधाला मराठी गणितात ‘व्यस्त प्रमाण’ म्हणतात, आणि मजुरांची संख्या दुप्पट केली की तेच काम निम्म्या दिवसांत होते, हे त्याचे शाळेतले नेहमीचे उदाहरण. हिंदीत हाच शब्द कामात गुंतलेला या अर्थाने चालतो आणि गणितातील संबंधाला तेथे ‘व्युत्क्रमानुपात’ म्हणतात. मराठीत कामात गुंतलेल्या माणसाला ‘व्यग्र’ म्हणण्याची रीत आहे, पण दूरचित्रवाणीच्या जाहिराती, हिंदी चित्रपट आणि घाईत केलेली भाषांतरे यांतून ‘मी व्यस्त आहे’ हा प्रयोग मराठीत इतका आला आहे की अनेकांना तो परका वाटत नाही. सध्या एकाच मराठी विद्यार्थ्याला गणिताच्या तासाला ‘व्यस्त’ म्हणजे उलट आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘व्यस्त’ म्हणजे कामात, असे दोन अर्थ सांभाळावे लागतात. त्यामुळे ‘मजुरांची संख्या आणि दिवस व्यस्त असतात’ असे अपुरे वाक्य त्याने लिहिले, तर त्याला संबंध कळला आहे की नाही हे शिक्षकाला नुसत्या शब्दावरून ठरवता येत नाही. त्यासाठी ‘व्यस्त प्रमाणात’ हे पूर्ण पद मागावे लागते, किंवा सहा मजुरांचे दहा दिवसांचे काम बारा मजूर किती दिवसांत करतील हे सोडवून घ्यावे लागते.